खऱ्या कॅनव्हासवरचे खोटे चित्र

जुलै १९४५. युरोपातले दुसरे महायुद्ध संपून दोन महिने झाले होते. ॲमस्टरडॅमच्या तुरुंगात हान फान मेखेरेन नावाचा एक चित्रकार कैदेत होता. त्याच्यावरचा आरोप साधा नव्हता. सतराव्या शतकातील थोर डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचे एक चित्र नाझी नेता हर्मान गोअरिंग याच्या संग्रहात सापडले होते आणि ते विकल्याचा माग फान मेखेरेनपर्यंत पोहोचला होता. राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकणे म्हणजे देशद्रोह. काही आठवडे गप्प राहिल्यावर त्याने १२ जुलै रोजी कबुलीजबाब दिला. मात्र ही कबुली कोणाच्याच अपेक्षेतली नव्हती. तो म्हणाला की, ते चित्र व्हर्मीरचे नाहीच, ते मी काढले आहे. आणि तेवढेच नव्हे, रॉटरडॅमच्या बोइमान्स संग्रहालयाने अभिमानाने टांगलेले ‘एमाउसचे भोजन’ हेही माझेच काम आहे.

त्याच्यावर लगेच कोणी विश्वास ठेवला नाही. ‘एमाउस’ हे चित्र १९३७ साली उजेडात आले, तेव्हा व्हर्मीरचे सर्वांत नावाजलेले जाणकार आब्राहाम ब्रेडियस यांनी ते अस्सल ठरवले होते. ब्रेडियस त्या वेळी ८२ वर्षांचे होते आणि त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. चित्र मूळ कॅनव्हासवर आहे, त्याची दुरुस्ती झालेली नाही, कलावंताच्या हातून सुटले तसेच ते आपल्यासमोर आहे, असे त्यांनी हर्षभराने लिहिले होते. पाच लाखांहून अधिक गिल्डर मोजून ते खरेदी करण्यात आले होते.

म्हणजे परिस्थिती उलटी होती. एरवी लबाड आपली लबाडी लपवतो आणि तज्ज्ञ ती शोधून काढतात. इथे लबाड स्वतःच सांगत होता की मी लबाडी केली, आणि ती सिद्ध करण्यावर त्याची सुटका अवलंबून होती. न्यायालयाने ब्रसेल्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल कोरमान्स यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचे मंडळ नेमले. या मंडळाने चित्रातील भेगा, कॅनव्हास, मागची लाकडी चौकट आणि सही यांची जी तपासणी केली, तिची हकीकत आपण पाहणार आहोत. या चौघांपैकी तीन साक्षीदार खरोखरच सतराव्या शतकातले होते. तरीही चित्र खोटे ठरले. कसे, तेच समजून घ्यायचे आहे.

तेलरंग वाळतो म्हणजे काय होते?

तेलरंगात रंगद्रव्याची पूड बहुधा जवसाच्या तेलात घोटलेली असते. कपडे वाळतात तसा हा रंग वाळत नाही, कारण त्यात उडून जाण्यासारखे पाणी नसतेच. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि हळूहळू एक घट्ट जाळे तयार होते. चटणीसाठी आणलेले जवसाचे तेल बशीत पातळ पसरून काही दिवस ठेवले, तर त्यावर चिवट पापुद्रा धरतो; ही त्याच क्रियेची सुरुवात आहे. बोटाला रंग न लागण्याइतके वाळणे आठवड्याभरात होते. पण तो आतपर्यंत कडक व्हायला कित्येक दशके लागतात.

त्यामुळे त्या काळी जुन्या चित्राची एक सोपी परीक्षा रूढ होती. कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये बुडवून चित्राच्या कडेवर अलगद फिरवायचा. रंग नवा असेल तर तो मऊ पडतो आणि बोळ्याला लागतो. दोनअडीचशे वर्षांचा असेल तर हलत नाही.

फान मेखेरेनला ही परीक्षा ठाऊक होती. दक्षिण फ्रान्समधील रोकब्रून गावी घर घेऊन त्याने या एका अडचणीवर काही वर्षे प्रयोग केले. नुसता तेलरंग भट्टीत तापवला तर तो पिवळा पडतो आणि त्याला फोड येतात. शेवटी त्याला उपाय सापडला तो फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बनणाऱ्या रेझिनमध्ये. आपल्या जुन्या घरांतील विजेची काळी बटणे ज्या बॅकेलाइटची असत, त्याचाच हा प्रकार. हे रेझिन त्याने सुगंधी उडनशील तेलात मिसळले, त्यात रंगद्रव्ये घोटली आणि रंगवलेले चित्र शंभर ते एकशेवीस अंश सेल्सियसच्या दरम्यान भाजले. काही तासांत तीन शतकांचा कडकपणा आला. अल्कोहोलचा बोळा फिरवला तरी रंग हलेना.

माझे स्वतःचे काम पॉलिमर रसायनातले आहे. या प्रकरणाकडे मी वळलो तो या रेझिनमुळे, आणि पुढे लक्षात आले की, रेझिन हा कटाचा निम्माच भाग होता. चित्र नुसते कडक असून भागत नाही, ते भेगाळलेलेही असावे लागते.

भेगा: जाळे कुठून सुरू होते?

जुन्या तेलचित्राकडे भिंग घेऊन पाहिले, तर बारीक भेगांचे जाळे दिसते. त्या का पडतात? तेलचित्र हे थरांचे बनलेले असते. सर्वांत मागे तागाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे कापड. त्यावर सरसाचा हात. त्यावर खडूची किंवा सफेद्याची पूड बांधून दिलेले अस्तर. अस्तरावर रंगाचे थर आणि सर्वांत वर वॉर्निश. हवेतील दमटपणा बदलला की सरस आणि कापड ताणले जाते, सैलावते. कोवळा रंग हे सहन करतो. पण वर्षे जातात तसा रंग ठिसूळ होतो आणि ताण पेलेनासा झाला की तडकतो. अशी भेग अस्तरापासून वरच्या रंगापर्यंत आरपार जाते आणि तिच्या कडा धारदार असतात. तिला आपण वयाची भेग म्हणू.

दुसऱ्या प्रकारची भेग रंग वाळतानाच पडते. खालचा थर ओला असताना वरचा थर आधी आवळला, तर वरचा थर फाटतो. ही भेग रुंद असते, तिच्या कडा गोलसर असतात, आणि ती वरच्या थरातच थांबते. वर्गात ती सहज करून दाखवता येते. पुठ्ठ्यावर फेविकॉलचा जाडसर थर द्या. तो चिकट असतानाच त्यावर पोस्टर कलरचा एक हात मारा आणि वाळू द्या. तासाभरात रंग फाटून खालचा पुठ्ठा दिसू लागेल. चित्र सुंदर भेगाळलेले दिसेल, पण त्याचे वय एक तास! नवशिके नकलाकार याच युक्तीने किंवा सुईने ओरखडे काढून भेगा बनवतात आणि भिंगाखाली पकडले जातात.

फान मेखेरेन नवशिका नव्हता. त्याने भेगा बनवल्या नाहीत, त्या उसन्या घेतल्या. बाजारातून त्याने सतराव्या शतकातले, कोणा सामान्य चित्रकाराने काढलेले ‘लाझारसचे पुनरुत्थान’ हे मोठे चित्र विकत घेतले. पाणी, साबण आणि प्युमिस दगड वापरून त्याने वरचा रंग अत्यंत सावकाश घासून काढला, आणि जुने अस्तर त्यातील खऱ्या भेगांसह शाबूत ठेवले. मग त्यावर रेझिनच्या रंगाचे पातळ थर दिले. प्रत्येक थरानंतर चित्र भाजले, की अस्तरातल्या जुन्या भेगा वर उमटत. जिथे पुरेशा उमटल्या नाहीत, तिथे त्याने कॅनव्हास नळकांड्यावर गुंडाळून वाकवला. शेवटी भेगांत धूळ साचल्यासारखी दिसावी म्हणून सर्व चित्रावर काळी शाई फिरवून पुसून काढली आणि वर तपकिरी वॉर्निश दिले.

हे ऐकल्यावर वाटते की भेगांची साक्ष आता निरुपयोगी झाली. पण मंडळाने भेगा दोन ठिकाणी मोजल्या: एकदा पृष्ठभागावर आणि एकदा क्ष-किरण छायाचित्रात. जुन्या अस्तरात शिसे असलेला सफेदा असला की तो क्ष-किरण अडवतो, म्हणून अस्तरातली भेग छायाचित्रात काळ्या रेषेसारखी उमटते. खऱ्या जुन्या चित्रात ही दोन जाळी एकमेकांवर ठेवली तर जुळतात, कारण भेग एकच असते. इथे ती अर्धवटच जुळली. अस्तरातल्या काही भेगा वर आल्याच नव्हत्या, आणि वरच्या काही भेगांना खाली मूळच नव्हते.

दुसरा पुरावा भेगांतल्या काळ्या पदार्थाचा होता. घरातल्या कपाटामागची धूळ आठवा. कुठे जळमट, कुठे काजळी, कुठे तंतू. तीनशे वर्षांची धूळ अशीच मिश्र असते आणि प्रत्येक भेगेत वेगळी असते. इथे मात्र सगळीकडे एकच, एकजिनसी काळे द्रव्य होते आणि ते भेगेच्या बाजूला रंगात झिरपलेलेही दिसत होते. द्रवच असे झिरपू शकते, धूळ नाही.

कॅनव्हास: धाग्यांचा वळसा

आता कापडाकडे वळू. ते खरे सतराव्या शतकातले होते, म्हणून धागे किती जुने हे विचारून काही निष्पन्न होणार नव्हते. मंडळाने वेगळा प्रश्न विचारला: हे कापड प्रथम ताणले गेले तेव्हा त्याचा आकार काय होता?

खादीचा हातरुमाल घ्या आणि पुठ्ठ्यावर चारही बाजूंनी टाचण्या लावून ताणून बसवा. टाचणीपाशी धागे बाहेर ओढले जातात आणि दोन टाचण्यांच्या मध्ये आत राहतात. कडेजवळचे धागे तोरणासारखे लहरत जातात. रुमालाच्या मध्यभागी मात्र ते सरळ असतात. कॅनव्हासचेही असेच होते. त्यावर सरस आणि अस्तर चढले की हे वळसे कायमचे गोठतात. पुढे खिळे काढले, कापड दुसऱ्या चौकटीवर नेले, तरी वळसे तसेच राहतात. म्हणून ज्या कडेला धाग्यांचे तोरण आहे ती मूळची कड, आणि जिथे धागे सरळ आहेत तिथे कापड नंतर कापलेले आहे, असा निष्कर्ष निघतो. धाग्यांच्या खाचांत अस्तर साठलेले असल्याने क्ष-किरणांत ही वीण स्पष्ट दिसते.

फान मेखेरेनने आपल्या जबानीत सांगितले होते की, ‘लाझारस’ मला हव्या असलेल्या रचनेपेक्षा जास्त रुंद होते, म्हणून मी डावीकडची एक पट्टी कापून टाकली. ‘एमाउस’ सुमारे १.२ मीटर उंच आणि १.३ मीटर रुंद आहे. तपासणीत तीन कडांना धाग्यांचे वळसे दिसले. डाव्या कडेचे धागे सरळ होते.

एवढ्याने चित्र खोटे ठरते का? नाही. कित्येक अस्सल चित्रे मालकांनी भिंतीच्या मापाने कापलेली आहेत. पण ब्रेडियस यांनी जे गृहीत धरले होते, की चित्र कलावंताच्या हातून सुटले तसेच आहे, ते खोटे ठरले. आणि आरोपीने आधी सांगितलेली एक खूण नेमक्या त्याच ठिकाणी मिळाली.

अशीच आणखी एक खूण होती. जुना रंग घासताना सफेद्याचे काही भाग इतके घट्ट निघाले, की अस्तराला इजा होईल म्हणून फान मेखेरेनने ते तसेच सोडले होते. ‘लाझारस’मधल्या एका डोक्याची जागा त्याने सांगितली, आणि क्ष-किरणांत ‘एमाउस’च्या खाली डोके दिसले. त्याच्या दुसऱ्या एका बनावट चित्राखाली, ‘शेवटचे भोजन’ या चित्राखाली, तर चक्क शिकारीचे दृश्य निघाले. ते मूळ शिकारचित्र फान मेखेरेनला १९४० मध्ये विकणाऱ्या दुकानदाराकडे त्याचा फोटो होता. फोटो आणि क्ष-किरण छायाचित्र शेजारी ठेवल्यावर वादाला जागा उरली नाही.

ताणचौकट: लाकडाची स्मृती

कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ताणून बसवतात, तिला आपण ताणचौकट म्हणू. भिंतीवर दिसणारी नक्षीदार चौकट ती ही नव्हे; ही चित्राच्या मागे असते आणि प्रेक्षकाला कधी दिसत नाही. म्हणूनच नकलाकार तिच्याकडे दुर्लक्ष करतात. कोपऱ्यांत पाचरी ठोकून ताण वाढवता येईल अशा चौकटी अठराव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाल्या. त्याआधी कोपरे पक्के जोडलेले असत. सतराव्या शतकातल्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रामागे पाचरींची चौकट दिसली तर ती नंतर बदललेली आहे, एवढे नक्की समजावे. बदलणे हा गुन्हा नाही, पण मग चौकटीचा वयाचा पुरावा म्हणून उपयोग नाही.

ताणचौकट रंगावरही आपली खूण उठवते. चौकटीच्या पट्टीमागचे कापड हवेतल्या बदलांपासून जरा सुरक्षित राहते आणि पट्टीच्या आतल्या कडेवर कापड टेकते, हलते. म्हणून जुन्या चित्रात या कडेशी समांतर अशी भेगांची रेषा दिसते, आणि कोपऱ्यांत ताणामुळे तिरप्या भेगा पडतात. जुना कॅनव्हास दुसऱ्या मापाच्या चौकटीवर नेला, तर ही रेषा आताच्या पट्टीच्या जागेशी जुळत नाही.

फान मेखेरेन याही बाबतीत सावध होता. त्याने ‘लाझारस’ची मूळ ताणचौकट आणि खिळे जपून ठेवले आणि रंगकाम झाल्यावर कॅनव्हास त्याच चौकटीवर परत बसवला. पण कॅनव्हासची रुंदी कमी झाली होती. म्हणून वरची आणि खालची अशा दोन आडव्या पट्ट्या त्याला कापून लहान कराव्या लागल्या. कापलेले लाकडाचे तुकडे त्याने फेकले नाहीत.

ते तुकडे दक्षिण फ्रान्समधल्या त्याच्या घरी हाती लागले. मंडळाने ते ‘एमाउस’च्या ताणचौकटीच्या कापलेल्या टोकांना लावून पाहिले. लाकडातल्या वाढवलयांच्या रेषा एका तुकड्यातून दुसऱ्यात सलग गेल्या. आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्याने पाडलेले एक भोक, जे करवतीने मधोमध कापले गेले होते, ते दोन्ही बाजूंनी जुळले.

या पुराव्याचे वजन लक्षात घ्या. वाढवलये एखाद्या झाडाच्या आयुष्यातल्या पावसाळ्यांनी आणि दुष्काळांनी आखलेली असतात. किड्याचा मार्ग तर केवळ योगायोग. दोन वेगळ्या लाकडांत या दोन्ही गोष्टी एकाच जागी जुळणे जवळजवळ अशक्य. म्हणजे संग्रहालयातल्या ‘व्हर्मीर’च्या मागची चौकट ज्या माणसाने कापली, तिचे उरलेले तुकडे त्याच माणसाच्या घरात होते. चौकट सतराव्या शतकातली होती हे खरेच. तिच्यावरचा करवतीचा घाव विसाव्या शतकातला होता.

सही: सर्वांत बोलका आणि सर्वांत कच्चा साक्षीदार

सामान्य खरेदीदार चित्राच्या कोपऱ्यात आधी सही शोधतो. ‘एमाउस’वर व्हर्मीरच्या वळणाची सही होती आणि ती पाहून जाणकारही खूश झाले होते. सही तपासायची एक चांगली रीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सहीची रेघ भेगेला जिथे छेदते ती जागा पाहायची. सही चित्राइतकीच जुनी असेल तर भेग रंगाबरोबर सहीलाही तोडते, रेघेच्या दोन्ही कडा कोरड्या आणि स्वच्छ दिसतात. सही नंतर केलेली असेल तर ओला रंग आधीच असलेल्या भेगेत उतरतो आणि तिथे रेघ फुगते, भेग भरून निघते. तसेच सही वॉर्निशच्या वर आहे की खाली, हेही पाहावे लागते.

फान मेखेरेनची सही या परीक्षेत उतरली असती, कारण त्याने ती भट्टीत घालण्यापूर्वी केली होती. रंग आणि सही बरोबरच तडकले. भेग एवढेच सांगते की सही चित्राच्या वेळची आहे; चित्र कोणत्या वेळचे, ते ती सांगत नाही.

आणि उलटही घडते. व्हर्मीरचे ‘चित्रकला’ हे निःसंशय अस्सल चित्र आज व्हिएन्नामध्ये आहे. एके काळी व्हर्मीरचे नाव लोक विसरले होते आणि पीटर डे होख याला बाजारात जास्त भाव होता. तेव्हा कोणीतरी या चित्रावर डे होखची खोटी सही घातली आणि १८६० पर्यंत ते डे होखचेच मानले जात होते. खोट्या चित्रावर पटणारी सही आणि खऱ्या चित्रावर खोटी सही, या दोन उदाहरणांनंतर सहीला किती मान द्यायचा हे वेगळे सांगायला नको.

निकाल आणि त्यानंतर

रसायनज्ञांना रंगात फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन सापडले. गंमत अशी की, अल्कोहोलच्या परीक्षेत चित्राला तारणारा गुणच इथे उलटला. खरा जुना तेलरंग अल्कोहोलला दाद देत नाही, पण तीव्र अल्कलीत तो विरघळतो; हा रंग तिथेही दाद देईना. तो जरुरीपेक्षा जास्त म्हातारा निघाला. गोअरिंगला विकलेल्या चित्रात तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेला कोबाल्ट निळा रंग सापडला. १६७५ मध्ये मरण पावलेल्या व्हर्मीरला तो मिळणे शक्यच नव्हते.

२९ ऑक्टोबर १९४७ रोजी खटला उभा राहिला, तेव्हा आरोप देशद्रोहाचा नव्हता, फसवणुकीचा होता. १२ नोव्हेंबरला एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच, ३० डिसेंबरला, फान मेखेरेन हृदयविकाराने मरण पावला.

तरी वाद मिटला नाही. बेल्जियमचे झाँ डकून यांनी १९५१ मध्ये पुस्तक लिहून दावा केला की ‘एमाउस’ आणि ‘शेवटचे भोजन’ ही दोन चित्रे खरोखरच व्हर्मीरची आहेत. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले आणि कोरमान्स यांचीच बाजू टिकली. शेवटचा शब्द १९६८ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड कीश यांच्या मोजमापाने आला. सफेद्यातल्या शिशात शिसे-२१० हे किरणोत्सारी समस्थानिक थोडे असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे. खनिजात त्याची भरपाई रेडियमपासून होत राहते, पण शिसे गाळताना बहुतेक रेडियम मळीबरोबर निघून जाते. मग शिसे-२१० घटत जाते, आणि दोनतीनशे वर्षांनी उरलेल्या थोड्या रेडियमच्या पातळीवर येऊन स्थिरावते. व्हर्मीरच्या अस्सल ‘लेस विणणारी’ या चित्रात एक ग्रॅम शिशामागे मिनिटाला होणारे क्षय शिसे-२१०च्या मालिकेचे १.५ आणि रेडियमचे १.४ आढळले, म्हणजे जवळपास सारखे. ‘एमाउस’मध्ये ते ८.५ आणि ०.८ होते. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे: चित्र ३०० वर्षांचे मानले, तर ७.७चा हा फरक सुरुवातीला किती असायला हवा होता? उत्तर ९८ हजारांच्या आसपास येते, आणि शिशाच्या कोणत्याही नेहमीच्या खनिजासाठी ते अशक्यप्राय आहे. सफेदा नवाच होता.

‘एमाउस’ आजही रॉटरडॅमच्या त्याच संग्रहालयाच्या मालकीचे आहे, आता फान मेखेरेनच्या नावाने.

या प्रकरणात जाणकार फसले ते अडाणी होते म्हणून नव्हे. त्यांनी प्रत्येक खुणेला वेगळेवेगळे विचारले, ‘तू जुनी आहेस का?’ कापडाने हो म्हटले, चौकटीने हो म्हटले, अस्तरानेही हो म्हटले. आणि तिघेही खरे बोलत होते. कोरमान्स यांच्या मंडळाने प्रश्न बदलला. तुम्ही सगळे एकमेकांना कधीपासून ओळखता, असे त्यांनी विचारले. अस्तरातली भेग वरच्या भेगेला ओळखत नव्हती. कापडाची डावी कड उरलेल्या तीन कडांची सोबतीण नव्हती. चौकटीची अर्धी हकीकत फ्रान्समधल्या एका घरात पडून होती. एखादी जुनी वस्तू, कागद किंवा नाणे वर्गात हातात आले, की विद्यार्थ्यांना हाच दुसरा प्रश्न विचारायला सांगावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विकत घेता येते, हे फान मेखेरेनने दाखवून दिलेच आहे.